सातारा, नागपूर, बेंगळुरू, टोरांटो : एका चौकटीत

आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि त्या दिवशी सगळ्यांनी साताऱ्याला जमणं शक्य नव्हतं. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दादाला रजा नव्हती, भाच्याची टोरांटोत परीक्षा. म्हणून कार्डाच्या आत सगळ्यांचा एकत्र फोटो जोडून छापायचं ठरलं आणि ते काम मी अंगावर घेतलं.

अशा कामात माणूस पार्श्वभूमीतून कापून काढणं अवघड असेल असं वाटतं. ते वेळखाऊ आहे, पण जमतं. फोटो जोडलेला आहे हे कळतं ते तीन गोष्टींमुळे : उजेड वेगवेगळ्या बाजूंनी आलेला असतो, कॅमेरा वेगवेगळ्या उंचीवर धरलेला असतो आणि माणसं कॅमेऱ्यापासून कमीजास्त अंतरावर उभी असतात. यातलं काहीही नंतर कॉम्प्युटरवर धड दुरुस्त होत नाही. म्हणून जुने फोटो गोळा न करता सगळ्यांनी नव्याने काढायचे ठरवले, आणि कसे काढायचे ते मी आधी आमच्याच अंगणात ठरवलं.

आईबाबांना अंगणात दोन खुर्च्यांवर बसवलं. सकाळची वेळ, ऊन घराच्या मागे, अंगणात पूर्ण सावली आणि डाव्या हाताला मोकळं आकाश. मोबाइल तिवईवर जमिनीपासून बरोबर चार फुटांवर, खुर्च्यांपासून दहा फूट लांब. मी खुर्च्यांच्या मागे दोन फुटांवर उभा राहिलो आणि टायमर लावून फोटो घेतला. म्हणजे मागच्या रांगेचं अंतर झालं बारा फूट. बाकीच्यांनी याच मापात उभं राहायचं होतं.

सगळ्यांना फोन करून समजावलं. सावलीत उभे राहा, कॅमेऱ्याकडून पाहिलं तर आकाश डावीकडे असू दे. मोबाइल बारा फुटांवर, चार फूट उंचीवर, उभा आणि सरळ, वर किंवा खाली न झुकवता. नेहमीचीच लेन्स वापरा, वाइड नको आणि पोर्ट्रेट मोड तर अजिबात नको, कारण त्यात केसांच्या कडा पुसट होऊन जातात. एक फोटो जादा काढा, त्यात शेजारी झाडूचा दांडा उभा धरा, त्यावर चार फुटांवर चिकटपट्टी लावलेली असू दे आणि दुसऱ्या हातात कोरा पांढरा कागद. आणि फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला की तो आकाराने लहान होऊन येतो. पडद्यावर चांगला दिसतो, पण छापायला पुरत नाही.

वहिनीने बेंगळुरूहून लगेच पाठवले. दादाचा फोटो मात्र भर दुपारी गच्चीवर काढलेला होता. नाकाखाली काळी सावली, डोळ्यांच्या खोबणी अंधारलेल्या. नाकाची सावली पाहिली की उजेड कुठून येतोय ते लगेच कळतं, आणि आमच्या अंगणात ती जवळजवळ नव्हतीच. त्याला म्हटलं, “दादा, वहिनी उभी होती तिथेच जिन्याखाली उभा राहा ना.” त्याने काढून पाठवला. भाच्याने आधी खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली काढला होता, मग ढगाळ दिवशी बाल्कनीत. ढगाळ उजेड असल्या कामाला फार सोयीचा, सावल्या मऊ पडतात.

आता झाडूच्या दांड्याचा उपयोग. कॅमेरा सपाट जमिनीवर चार फुटांवर सरळ धरला, तर फोटोतली क्षितिजरेषा उभ्या असलेल्या प्रत्येकाला पायापासून चार फुटांवरच छेदते, माणूस जवळ असो की लांब. ताई पाच फुटांची, तिच्या खांद्यावरून ती रेषा जाते. भाचा सहा फुटांचा, त्याच्या कोपराच्या जरा वरून जाते. मी गिंप हे फोटो-एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडून अंगणाच्या फोटोवर त्या जागी गाइड, म्हणजे मदतीची आडवी रेघ, ओढली. फोटो १२ बाय ८ इंचांचा, ३०० डीपीआयने ३६०० बाय २४०० पिक्सेल. त्यात मागच्या रांगेत माझ्या पायांपासून गाइडपर्यंतचं अंतर ११०० पिक्सेल भरलं. मग प्रत्येकाचा फोटो असा लहान-मोठा केला की पायापासून चिकटपट्टीपर्यंत ११०० पिक्सेलच येतील, आणि चिकटपट्टी गाइडवर टेकवली. त्याबरोबर पाय आपोआप फरशीवर जागच्या जागी आले. कोण किती उंच दिसायला हवं हा वाद घरात झालाच नाही. भावजींपेक्षा भाचा उंच दिसला, कारण तो आहेच.

पांढऱ्या कागदाने रंग जुळले. लेव्हल्समधल्या करड्या पिपेटने कागदावर क्लिक केलं की कागदावरची निळी किंवा पिवळी झाक जाते, आणि तीच दुरुस्ती खऱ्या फोटोला लावायची. उजळपणा जुळला का हे पाहायला मी पूर्ण चित्र काही काळ कृष्णधवल करून ठेवलं. रंग असताना जे डोळ्यांना चालून जातं ते करड्यात उघडं पडतं. वहिनीचा चेहरा इतरांपेक्षा एक छटा उजळ होता, तो कर्व्ह्जने खाली आणला. कापायला लेयर मास्कच वापरावा, तो चित्राचा भाग पुसत नाही, नुसता झाकतो. इरेझरने गेलेलं सहजासहजी परत येत नाही, मास्कवर पांढरा ब्रश फिरवला की येतं.

सगळ्यात जास्त वेळ ताईच्या हाताने घेतला, आणि मला तो द्यायचा होता. ताई आईच्या मागे उभी, म्हणजे तिचा हात आईच्या खांद्यावर हवाच. हवेत धरलेला हात नंतर खांद्यावर ठेवला तर तो टेकलेला वाटत नाही. बोटं ताठ असतात. म्हणून ताईने नागपुरात भावजींना समोर खुर्चीवर बसवून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बोटं खांद्याच्या गोलाईवर वळली, अंगठा मागे गेला. मी तेवढा हात वेगळ्या लेयरवर आईच्या पुढे घेतला. तरीही तो चिकटवल्यासारखा दिसत होता. मग हाताच्या खाली आणखी एक लेयर घेतली, मोड मल्टिप्लाय, म्हणजे खालचं चित्र गडद करणारा, आणि आईच्या साडीचाच गडद रंग घेऊन मऊ ब्रशने बोटांच्या कडेला बारीक सावली रंगवली, बोटांच्या टोकांशी अरुंद आणि गडद, तळव्याकडे पसरट आणि फिकी. हात टेकला. पायांनाही तसंच : टाचेशी जवळजवळ काळी, चार बोटं लांब गेली की संपलेली.

शेवटी सगळं एकत्र करून त्यावर थोडा नॉइझ टाकला, कारण प्रत्येक मोबाइलचा दाणा वेगळा असतो आणि गुळगुळीत माणूस खरखरीत अंगणात उठून दिसतो. चित्र आडवं उलटवूनही पाहिलं. सवयीने न दिसलेली भाच्याच्या कानाजवळची पांढरी कड तेव्हा दिसली.

लॅबमध्ये आधी ४ बाय ६ची एकच प्रत काढून घेतली. पडद्यावर उजळ दिसणारं कागदावर दबलं होतं, मधल्या छटा थोड्या वर आणल्या आणि मग मोठी प्रत दिली. लेयर असलेली एक्ससीएफ फाइल जपून ठेवली आहे. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात कुणाचा फोटो कुठल्या गावी काढला ते लिहिलं. पुढच्या पिढीने हा खरोखर एकत्र जमलेला दिवस समजू नये, असं मला मनापासून वाटत होतं. बाबांनी आधी ती मागची बाजूच वाचली आणि विचारलं, “टोरांटोत पोरगं असं बिनस्वेटरचं उभं होतं?”