एकाच मातीचे दोन अहवाल आणि 2.24 चा आकडा

एका प्लॉटमधून आठ ठिकाणची माती काढली, घमेल्यात एकत्र केली, चतकोर चतकोर करत कमी केली आणि उरलेल्या मातीचे दोन भाग दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांना दिले. एकाच अहवालावर विसंबून खतांचा बेत ठरवायचा नव्हता, एवढाच हेतू होता. पंधरा दिवसांत दोन्ही कागद हातात आले. पहिल्यात उपलब्ध स्फुरद 9 आणि पालाश 118, दुसऱ्यात स्फुरद 45 आणि पालाश 269. माती तीच, घमेलेही तेच.

नमुना पिशवीत भरताना काहीतरी गडबड झाली असावी, असेच आधी वाटले. मग लक्ष आकड्यांच्या पुढे गेले. पहिल्या कागदावर ‘मिग्रॅ/किलो’ होते, दुसऱ्यावर ‘किग्रॅ/हेक्टर’. सूक्ष्म अन्नद्रव्ये मात्र दोन्हीकडे ‘पीपीएम’मध्ये दिली होती. म्हणजे दोन कागदांवर मिळून तीन एकके.

यातली दोन प्रत्यक्षात एकच आहेत. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. एका किलोत दहा लाख मिलिग्रॅम असतात, म्हणून किलोभर मातीत 1 मिलिग्रॅम म्हणजेच 1 पीपीएम. इथे गुणाकार-भागाकार काही नाही, आकडा जसाच्या तसा राहतो. खरी मेख किलो प्रति हेक्टरमध्ये आहे, कारण त्यात आणखी एक प्रश्न दडलेला असतो: एका हेक्टरवर माती किती किलो धरायची?

पहिल्या प्रयोगशाळेत फोन केला. तिथल्या ताईंनी शांतपणे सांगितले, “दादा, आमच्या आकड्याला 2.24 ने गुणा, किलो प्रति हेक्टर मिळेल.” 118 गुणिले 2.24 म्हणजे 264. दुसऱ्या अहवालातल्या 269 च्या अगदी जवळ. दोन प्रयोगशाळांत एवढा फरक चालायचाच. पालाशाचे कोडे सुटले. पण 9 गुणिले 2.24 होतात 20, आणि समोर लिहिले होते 45!

तेव्हा एक सोपी तपासणी केली, जी आता दर वेळी करतो: मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागायचे. पालाशाचा भागाकार आला 2.28, स्फुरदाचा बरोबर 5. माती वजनाने किती धरली याचा फरक असता, तर दोन्ही भागाकार सारखे आले असते. स्फुरदाचा भागाकार पालाशाच्या दुपटीहून मोठा आला, याचा अर्थ तिथे आणखी एक गुणाकार झाला होता. दुसरा अहवाल पुन्हा नीट वाचला. पालाशासमोर K होते, स्फुरदासमोर बारीक अक्षरात P2O5. मूलद्रव्य स्वरूपातल्या स्फुरदाला 2.29 ने गुणले की P2O5 मिळते. 2.24 गुणिले 2.29 म्हणजे 5.13. हिशेब जुळला. (पालाशाचे K2O करायचे असेल तर 1.2 ने गुणतात, म्हणजे तेव्हा भागाकार 2.7 च्या आसपास आला असता.)

हा फरक कागदापुरता राहत नाही. मी वापरतो त्या वर्गवारीच्या तक्त्यात ऑल्सन पद्धतीच्या स्फुरदासाठी साधारण 10 ते 25 किलो प्रति हेक्टर हा मध्यम वर्ग आहे आणि तो P साठी आहे. 45 हा आकडा तसाच तक्त्याला लावला असता, तर माझी जमीन ‘भरपूर’मध्ये गेली असती आणि त्या हंगामात मी स्फुरद कमी केले असते. प्रत्यक्षात ती 20 वर, मध्यम वर्गात होती.

एवढ्यावर थांबता आले असते, पण 2.24 आला कुठून हे कळल्याशिवाय चैन पडेना. एका एकरातल्या नांगरटीच्या थराचे वजन ठोकळमानाने 20 लाख पौंड धरायची जुनी रीत आहे. त्या हिशेबाने 1 पीपीएम म्हणजे एकरी 2 पौंड, आणि एकरी 1 पौंड म्हणजे हेक्टरी 1.12 किलो. झाले 2.24. म्हणजे हेक्टरी 22.4 लाख किलो माती. तो थर पावणेसात इंचांच्या आसपासचा, सुमारे 17 सेंटिमीटर जाडीचा धरलेला होता. आपण नमुना 15 सेंटिमीटरचा घेतो. त्या जाडीला 22.4 लाख किलो बसवायची, तर मातीची स्थूल घनता 1.49 धरावी लागते. माझ्या भारी जमिनीला ती जास्तच होती.

म्हणून मोजून पाहिली. जमिनीत मध्यम ओल असताना 7 सेंटिमीटर आतला व्यास आणि तेवढीच उंची असलेला लोखंडी पाइपचा तुकडा सरळ आत ठोकला, सभोवतालची माती काढून अलगद उचलला आणि दोन्ही कडा सुरीने सपाट केल्या. आतली माती 105 अंशांवर वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवली. वजन भरले 323 ग्रॅम, पाइपचे घनफळ 269 घनसेंटिमीटर, म्हणजे घनता 1.2. हेक्टरच्या 10,000 चौरस मीटरवर 15 सेंटिमीटरचा थर म्हणजे 1,500 घनमीटर, त्यात माती 18 लाख किलो. दर किलोत 1 मिलिग्रॅम धरले तर हेक्टरी 1.8 किलो. माझ्या जमिनीचा गुणक 1.8 निघाला. पालाश 264 नव्हे, 212 किलो.

आता तक्ता कोणत्या आकड्याने वाचायचा? मला मोह झाला होता स्वतः मोजलेल्या आकड्याचा, आणि तो चुकीचा ठरला असता. त्या तक्त्यात पालाशाची ‘भरपूर’ची हद्द 280 किलो आहे. तिला 2.24 ने भागा, नेमके 125 येते. म्हणजे हद्द मुळात 125 पीपीएमची, किलोचा आकडा 2.24 ने गुणून छापलेला. समजा अहवालात 130 पीपीएम आले. 2.24 ने 291 होतात, जमीन भरपूर. माझ्या 1.8 ने 234, जमीन मध्यम. मातीतला पालाश तोच, पण वर्ग बदलला. म्हणून वर्गवारी मी पीपीएममध्येच पाहतो, आणि 1.8 फक्त थरात प्रत्यक्ष किती किलो आहे हे जाणून घ्यायला वापरतो. ते किलोही पिकाच्या गरजेतून सरळ वजा करत नाही. प्रयोगशाळेतल्या द्रावणाने मातीतून जेवढे काढले तेवढाच तो आकडा. मुळे तेवढेच उचलतील असे नाही, शिवाय मातीतला इतर साठाही हळूहळू सुटत असतो.

जस्ताचे तर किलो करायचे कारणच नसते. त्याची 0.6 ची मर्यादा पीपीएममध्येच वापरतात.

शेवटी खताचा हिशेब. मध्यम वर्गासाठी त्या पिकाची शिफारस हेक्टरी 40 किलो स्फुरद होती, आणि शिफारशीतले स्फुरद म्हणजे P2O5. इथे पुन्हा 2.29 ने गुणायचे नसते, कारण खताच्या गोणीवरचे टक्केही P2O5 चेच असतात. प्लॉट 0.4 हेक्टरचा, म्हणजे 16 किलो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के, म्हणून 100 किलो खत. पन्नास किलोच्या दोन गोण्या पेरणीच्या वेळी दिल्या, आणि दुसऱ्या अहवालातल्या 45 शेजारी पेन्सिलने लिहून ठेवले: ‘P2O5, गुणक 2.24, P मध्ये 20’.