दोन वर्षांचा हिशेब कुठून धरायचा?

"काकू, माझा आयईएलटीएसचा स्कोअर अजून चालेल का? आणि पुन्हा द्यायची झाली तर मध्ये किती दिवस थांबावं लागतं?"

स्कोअर परीक्षेच्या तारखेपासून दोन वर्षं चालतो. आणि थांबावं असं काही लागत नाही. जागा असेल त्या तारखेला, हवी तितक्या वेळा परीक्षा देता येते. टोफेल या इंग्रजीच्याच दुसऱ्या परीक्षेचीही मुदत दोनच वर्षं. तिथे दोन परीक्षांमध्ये तीन दिवसांचं अंतर लागतं आणि दोन वर्षं उलटली की ते लोक स्कोअर विद्यापीठाला पाठवतच नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसले नसते. इथे वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या घरी मी मुलांची इंग्रजीची तयारी करून घेते, आणि दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी याच हिशेबात अडकून माझ्याकडे येतं.

मागच्या वर्षीचंच सांगते. शेजारच्या वाड्यातल्या मुलीने एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी.एस्सी. केलं, परीक्षा दिली, ब्रिटनमधल्या विद्यापीठात प्रवेशही मिळाला. पण वडिलांचं ऑपरेशन निघालं म्हणून तिने प्रवेश पुढे ढकलला. नवा कोर्स सुरू होणार होता २२ सप्टेंबर २०२५ ला. जूनमध्ये ती टेस्ट रिपोर्ट फॉर्म, म्हणजे निकालाचा कागद, घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, सप्टेंबर २०२३ चाच आहे, बसतोय ना दोन वर्षांत?"

त्या कागदावर दोन तारखा असतात. वरची परीक्षेची, आणि खाली सहीजवळ फॉर्म दिल्याची. मुलं हमखास खालची धरतात. तिची वरची तारीख होती ९ सप्टेंबर २०२३. म्हणजे कोर्स सुरू व्हायच्या तेरा दिवस आधी मुदत संपत होती. मी तिला विद्यापीठाला एकच प्रश्न लिहायला लावला: स्कोअर नेमका कोणत्या दिवशी वैध असायला हवा? अर्जाच्या, व्हिसाच्या, की कोर्सच्या पहिल्या दिवशी? हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, म्हणून विचारावंच लागतं. तिला उत्तर आलं, कोर्सच्या पहिल्या दिवशी. प्रवेश पुढे ढकलून मिळाला म्हणजे स्कोअरची मुदतही वाढली असं तिला वाटत होतं. तसं होत नाही. प्रवेश विद्यापीठाच्या हातात असतो, स्कोअरची तारीख कुणीच हलवू शकत नाही.

१२ जुलैला तिने पूर्ण परीक्षा पुन्हा दिली, कॉम्प्युटरवरची. तीन भागांत उत्तम, पण रायटिंगला बँड मिळाला ६. विद्यापीठाला हवे होते ६.५. पोरगी माझ्या ओट्यावर बसून रडली.

मी तिला घड्याळ लावून लिहायला बसवलं तेव्हा दुखणं लगेच कळलं. साठ मिनिटांतली पस्तीस ती पहिल्या प्रश्नातल्या आलेखावरच घालवत होती. दुसऱ्या प्रश्नाच्या निबंधाला पहिल्याच्या दुप्पट वजन असतं, आणि तिथे हिचे अडीचशे शब्दही होत नव्हते. शेवटचा परिच्छेद अर्ध्यावर तुटायचा. इंग्रजी कच्चं नव्हतं, वेळेची वाटणी चुकत होती. असा दोष दोन आठवड्यांत निघतो. व्याकरणच डळमळीत असेल तर मात्र दोन आठवड्यांनी काही होत नाही, आणि तशा मुलांना मी घाईने पुन्हा पैसे भरू देत नाही. लगेच परीक्षा देता येते म्हणून लगेच दिली की बहुतेकदा तोच बँड परत येतो.

तिच्यासाठी एक वाट होती, वन स्किल रीटेक. चारपैकी एकच भाग पुन्हा द्यायचा, बाकीचे तीन स्कोअर तसेच राहतात. पण ती मूळ परीक्षेपासून साठ दिवसांच्या आत द्यावी लागते, मूळ परीक्षा कॉम्प्युटरवर दिलेली असावी लागते, आणि एका परीक्षेमागे एकदाच मिळते. सगळी विद्यापीठं ती मानतही नाहीत. २०२३ च्या जुन्या परीक्षेवर ती मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जुलैच्या परीक्षेवर मिळत होती, १० सप्टेंबरपर्यंत. पण तोवर थांबलो असतो तर व्हिसा वेळेत मिळाला नसता, कारण त्यालाच साधारण तीन आठवडे धरावे लागतात. म्हणून आधी विद्यापीठाचा लेखी होकार मागवला, मग २६ जुलैची तारीख घेतली.

त्या दोन आठवड्यांत ती रोज संध्याकाळी यायची. वीस मिनिटं झाली की मी टेबलावर टकटक करायचे. आलेख जिथे असेल तिथे सोडायचा आणि निबंधाला लागायचं. पहिले चार दिवस तिचा हात आलेखावरून निघेना. पाचव्या दिवशी निबंध दोनशे सत्तर शब्दांचा झाला, आणि शेवटचा परिच्छेद पूर्ण होता.

महिना संपायच्या आत निकाल आला: रायटिंग ६.५. नवा फॉर्म घेऊन ती आली तेव्हा तिने आधी वरच्या तारखेवर बोट ठेवलं, मग मला बँड दाखवला.