रीडिंग बरोबर, निष्कर्ष चूक

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या मुलांना साधा लंबक करायला देतो. बहुतेक वेळा त्यावरून g काढायचा आणि जर्नल पूर्ण करायचं, एवढंच असतं. त्या वर्षी मी जरा बदल केला. गोळ्याचं वस्तुमान बदललं तर दोलनकाल बदलतो का, हा प्रश्न मुलांनी स्वतः तपासायचा आणि शेवटी आपल्याच प्रयोगाचं मूल्यमापन लिहायचं. त्यासाठी चार शब्द फळ्यावर लिहून दिले होते: ॲक्युरेट, प्रिसाइज, रिलायेबल, व्हॅलिड.

शनिवारी दुपारी तीन मुलींचा एक गट जर्नल घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्यांनी तीन लोखंडी गोळे घेतले होते, 33, 110 आणि 261 ग्रॅमचे. प्रत्येक गोळ्यासाठी 20 दोलनांचा वेळ पाच पाच वेळा घेतला होता. लहान गोळ्याची रीडिंग होती 22.34, 22.41, 22.37, 22.32 आणि 22.41 सेकंद, सरासरी 22.37. मधल्या गोळ्याची सरासरी 22.55, मोठ्याची 22.73. आलेख टोकदार पेन्सिलीने काढलेला, वेळ पायरीपायरीने वर चढत गेलेला. खाली निष्कर्ष लिहिला होता, ‘वस्तुमान वाढले की दोलनकाल वाढतो.’ आणि मूल्यमापनात एकच वाक्य: ‘रीडिंग बरोबर आल्यामुळे प्रयोग ॲक्युरेट, प्रिसाइज, रिलायेबल व व्हॅलिड आहे.’

शेजारी बसलेल्या आमच्या ज्येष्ठ सरांनी वही बघितली आणि म्हणाले, “पुस्तकात काय दिलंय? दोलनकाल वस्तुमानावर अवलंबून नसतो. तुमची रीडिंग चुकलीत. जा, परत घ्या.”

मुली गेल्या आणि अर्ध्या तासाने परत आल्या. त्यातली एक जण रडवेली झाली होती. “मॅडम, तेच येतंय. आम्ही खरंच नीट घेतलंय.”

मी आकडे पाहिले. खरंच तेच आले होते, सेकंदाच्या काही शतांश भागांचा फरक सोडला तर. शेजारच्या टेबलावर दुसरा गट हाच प्रयोग वेगळ्या स्टॉपवॉचवर करत होता. त्यांची वही मागवली. तिथेही 22.4, 22.6, 22.7. त्या क्षणी मला कळलं की या मुलींना ‘रीडिंग चुकलीत’ म्हणणं अन्यायाचं होतं. हाताने स्टॉपवॉच दाबताना दर वेळी थोडं मागेपुढे होतंच. त्यांची पाच रीडिंग मिळून 0.09 सेकंदाच्या आत होती, म्हणजे अकरावीच्या हातांसाठी फारच छान. लहान आणि मोठ्या गोळ्यातला फरक मात्र 0.36 सेकंद, त्या पसाऱ्याच्या चौपट. तो हाताच्या चुकीने आलेला असणं शक्य नव्हतं.

मी मुलींना बसवलं आणि म्हटलं, आपण ‘बरोबर’ हा शब्द आज वापरायचाच नाही. तोच सगळा घोळ करतोय. चारही प्रश्न वेगवेगळे विचारू.

प्रिसाइज आहे का? एकाच गोळ्याची पाचही रीडिंग एकमेकांना चिकटून आहेत. आहे. रिलायेबल आहे का? तुम्ही परत केलं तरी तेच आलं, दुसऱ्या गटाला दुसऱ्या घड्याळावर तेच आलं. आहे. मग ॲक्युरेट? म्हणजे आकडा खऱ्या किमतीच्या जवळ आहे का? हे पाच रीडिंग एकमेकांशी ताडून कळत नाही, बाहेरचा काहीतरी आधार लागतो. आम्ही स्टॉपवॉच आणि मोबाइलमधलं घड्याळ एकदम सुरू करून दहा मिनिटं चालू ठेवलं. फरक बोटांच्या दाबण्याएवढाच होता. दोलनं मोजताना त्या ‘शून्य’पासून सुरुवात करतात का, तेही कान देऊन ऐकलं. करत होत्या. म्हणजे त्या टांगलेल्या लंबकाचा वेळ म्हणून 22.73 हा आकडा अगदी खरा होता.

“मग मॅडम, पुस्तक चूक आहे का?” त्यांच्यातल्या सगळ्यात शांत मुलीने विचारलं. प्रश्न मनापासून होता.

मी म्हटलं, तुमच्याच आकड्यांवरून g काढा. त्यांनी g = 4π²L/T² मध्ये L म्हणून 30.0 सेमी घातले, कारण दोरा तेवढा होता. लहान गोळ्याचा g आला 9.47, मधल्याचा 9.32, मोठ्याचा 9.17. आमच्या भागात g साधारण 9.78 मीटर प्रति सेकंद वर्ग असतो, पुस्तकातल्या 9.8 पेक्षा किंचित कमी, कारण आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहोत. तिन्ही आकडे त्याच्या खाली होतेच, पण मला खटकलं ते वेगळं. गोळा बदलला की g बदलत होता. पृथ्वीला काय कळतं की आपण आता मोठा गोळा टांगलाय?

ती मुलगी आकड्यांकडे बघत राहिली. मग उठून स्टँडपाशी गेली, मोठा गोळा हातात धरला आणि दोऱ्याचं टोक जिथे हुकाला बांधलं होतं तिथे बोट ठेवलं. “मॅडम, आम्ही इथपर्यंत मोजलंय. पण लांबी तर गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते ना?”

व्हर्निअर कॅलिपरने व्यास घेतले: 2, 3 आणि 4 सेमी. दोरा हुकासकट 30.0 सेमी. म्हणजे बुचाच्या फटीपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंतची लांबी तीन वेळा तीन होती: 31.0, 31.5 आणि 32.0. दर वेळी वस्तुमान बदलताना नकळत लांबीही बदलत गेली होती. या लांब्या घालून g परत काढला, तर तिन्ही गोळ्यांना 9.78 आला. रीडिंगमधला एकही आकडा खोडावा लागला नाही.

प्रयोग व्हॅलिड नव्हता तो इथे. विचारलेला प्रश्न वस्तुमानाचा होता आणि उत्तर मिळत होतं लांबीचं. स्टॉपवॉच कितीही चांगलं आणलं असतं, पाचच्या जागी पन्नास रीडिंग घेतली असती, तरी हा दोष दिसला नसता. उलट चुकीच्या निष्कर्षावरचा विश्वास घट्ट झाला असता. दुसऱ्या गटालाही तेच का मिळालं, याचं कारण तर माझ्याच सूचनापत्रकात होतं. मी लिहिलं होतं, ‘दोऱ्याची लांबी 30 सेमी कायम ठेवावी.’ दोन्ही गटांनी ते प्रामाणिकपणे पाळलं. एकच चुकीची सूचना सगळ्यांनी पाळली तर पुन्हा पुन्हा केलेला प्रयोग तेच चुकीचं उत्तर इमानाने देत राहतो. मी हे मुलींसमोर सांगितलं आणि पत्रकावर ओळ दुरुस्त केली: ‘बुचापासून गोळ्याच्या केंद्रापर्यंतचे अंतर 32.0 सेमी कायम ठेवावे.’

लहान गोळ्याला दोरा एक सेंटिमीटर वाढवून, मधल्याला अर्धा वाढवून त्यांनी परत मोजलं. सरासरी आल्या 22.75, 22.70 आणि 22.74. फरक आता त्यांच्याच रीडिंगच्या पसाऱ्यात बुडून गेला होता.

त्याच दुपारी तिसऱ्या एका गटाने, सगळी मुलं, सुधारलेल्या पत्रकावरून प्रयोग केला. त्यांच्या सरासरी होत्या 21.57, 21.62, 21.58. त्यांनी लिहिलं, ‘वस्तुमानाचा परिणाम होत नाही.’ ज्येष्ठ सर खूश झाले, म्हणाले, “हे बघा, यांचं बरोबर.” पण मुलींच्या आकड्यांपेक्षा यांचे सगळे आकडे एका सेकंदाहून जास्त कमी होते. g काढायला लावला तर 10.84 आला. मी त्यांना मोजताना ऐकलं. बटण दाबतानाच मुलगा म्हणत होता, “एक.” म्हणजे वीस म्हणेपर्यंत दोलनं एकोणीसच झालेली असायची. प्रत्येक वेळ पाच टक्क्यांनी कमी, दर वेळी न चुकता.

मला त्या दिवसात सगळ्यात मोलाचं वाटलं ते इथे. मुलांची वही आणि मुलींची पहिली वही मी शेजारी शेजारी ठेवली. मुलींच्या वहीत प्रत्येक वेळ ॲक्युरेट होता, पण तुलना व्हॅलिड नव्हती म्हणून निष्कर्ष चुकला. मुलांच्या वहीत एकही वेळ ॲक्युरेट नव्हता, पण चूक तिन्ही गोळ्यांना सारखीच लागली होती. त्यामुळे गोळ्यांची आपसातली तुलना टिकली आणि निष्कर्ष योग्य आला. त्याच मुलांनी त्याच आकड्यांवरून g किती असा प्रश्न विचारला असता, तर मात्र त्यांचा प्रयोग कोसळला असता. आकडा खरा आहे का, हे आकड्याला विचारायचं. प्रयोग व्हॅलिड आहे का, हे मात्र कोणत्या प्रश्नासाठी, एवढं ठरल्याशिवाय विचारताच येत नाही.

गुणांवरून सरांशी माझं बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, निष्कर्ष चुकला तर पूर्ण गुण कसे द्यायचे. मी म्हटलं, निष्कर्षाचे गुण कापा, निरीक्षणाचे कापू नका. आणि मुलांच्या निष्कर्षाला गुण दिले तरी निरीक्षणाचे द्यायचे नाहीत. ते बराच वेळ दोन्ही वह्या चाळत होते. शेवटी त्यांनी मुलींच्या निरीक्षण तक्त्याखाली सही केली. ‘परत घ्या’ म्हणून मारलेली लाल रेघ मात्र तशीच राहिली, ती पुसता येत नव्हती.

मुलींनी मूल्यमापन नव्याने लिहिलं. त्यात एक ओळ अशी होती: ‘आमचे निष्कर्ष 33 ते 261 ग्रॅमच्या लोखंडी गोळ्यांसाठी व लहान झोक्यासाठी आहेत. फार हलक्या वस्तूला हवेचा अडथळा जास्त होईल, ते आम्ही तपासलेले नाही.’ मी त्यांना हे सांगितलं नव्हतं.

सोमवारी ती शांत मुलगी परत आली. “मॅडम, दोरा कमीजास्त करायचाच कशाला? मोठ्या लोखंडी गोळ्याच्याच आकाराचा लाकडी गोळा मिळाला तर?” व्यास तोच, हूक तोच, दोरा तोच, बदलणार फक्त वस्तुमान. माझ्या पत्रकापेक्षा ही मांडणी सरस होती. गावातल्या सुताराकडून 4 सेमी व्यासाचा गोळा कातून आणला. वजन भरलं 23 ग्रॅम, लोखंडी गोळ्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. झोका लवकर मंदावत होता, ते डोळ्यांनी दिसत होतं. वीस दोलनांना लागले 22.76 सेकंद.