कितवी भाकरी?

चौथीच्या वह्या तपासत बसलो होतो. प्रश्न साधा होता: पावणेतीन वाजले, तर तास-मिनिटांत लिहा. एका वहीत ३:४५ दिसलं, मी लाल फुली मारली. दुसऱ्या वहीतही तेच. पाचव्या-सहाव्या वहीला मात्र हात थबकला. इतकी पोरं एकाच जागी चुकत असतील तर चूक पोरांची नसते.

तसा त्यांचा हिशेब चोख होता. सव्वातीन म्हणजे ३:१५, साडेतीन म्हणजे ३:३०. दोन्ही शब्दांत तीन आहे आणि दोन्ही वेळांना तीन वाजून गेलेले आहेत. मग पावणेतीनमध्येही तीन आहे, तर तिथंही तीन वाजून गेले असणारच. फुली खोडावी की ठेवावी, हे मला बराच वेळ कळेना.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर घड्याळ काढायचं सोडून भाकरी काढल्या. आमच्या भागात ज्वारीची भाकरी सगळ्या पोरांच्या ओळखीची, आणि तिचे तुकडेही. चतकोर म्हणजे किती, हे आमच्या पहिलीतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. तीन गोल काढले, तिसऱ्याचा अर्धा भाग पुसला आणि विचारलं, "किती झाल्या?"

"अडीच," सगळे एका सुरात.

"अडीच म्हणजे काय पण?"

गडबड झाली. कुणी 'दोन पूर्णांक एक छेद दोन' म्हणालं. ते बरोबरच होतं, पण पुस्तकाचं होतं. मग खिडकीजवळ बसलेली एक मुलगी म्हणाली, "दोन खाल्ल्या सर, आन् तिसरी निम्मी."

खडू हातातच राहिला, कारण 'अडीच' हा शब्द खरोखर तसाच घडला आहे. संस्कृतात तो होता 'अर्धतृतीय': ज्यातला तिसरा अर्धा आहे, ते. प्राकृतात त्याचं 'अड्ढाइज्ज' झालं आणि झिजत झिजत आपल्या तोंडी अडीच राहिला. पैठणचे सातवाहन शिलालेख कोरवून घेत ते प्राकृतातच. म्हणजे शब्दाची ही झीज गोदाकाठाला परकी नाही. आपण मात्र समजतो की अडीचमध्ये दोन लपलेला असेल. लपलाय तो तिसरा! दीडचंही तेच. प्राकृतातला 'दिवड्ढ', म्हणजे दुसरा अर्धा. एक पूर्ण झाला आणि दुसरा निम्म्यावर आला की दीड.

हीच रीत पुढे चालली असती तर साडेतीनला आपण काय म्हणालो असतो? चौथा अर्धा. तसा शब्द होताही: औट. संस्कृतातला अर्धचतुर्थ, प्राकृतातला अद्धुट्ठ. आमच्या आजोबांच्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्याबरोबर औटकीही घोकली, म्हणजे साडेतीनचा पाढा. पाढा गेला, शब्दही गेला, फक्त 'औट घटकेचं राज्य' एवढी म्हण मागं राहिली. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे ते राज्य चौऱ्याऐंशी मिनिटांचं. आमच्या दोन तासिकांएवढं. (हेडमास्तर रजेवर असले की माझं असतं तेवढंच.)

औटच्या जागी साडेतीन आलं. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. हा शब्द पुरे झालेले मोजतो: तीन पुरे, वर अर्धा. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. तोही पुरे झालेलेच मोजतो. तरी 'साडेएक' आणि 'साडेदोन' आपण म्हणत नाही. त्या दोन जागा दीड आणि अडीच यांनी आधीच धरून ठेवल्या होत्या, आणि रोजच्या तोंडातले शब्द सहजी जागा सोडत नाहीत.

आता पावणे. तो आहे पादोन: पाद म्हणजे पाव, ऊन म्हणजे कमी. एकोणीसमधला 'ऊन' तोच, विसाला एक कमी. पावणेतीन म्हणजे तीनला पाव कमी. इथं तीन अजून व्हायचेत. म्हणजे सव्वा आणि साडे मागं वळून बघतात, पावणे पुढं बघतो. पोरं तिघांनाही एकाच दिशेला तोंड करून उभं करतात, आणि तिथंच ३:४५ येतं.

हे सगळं संस्कृत-प्राकृत अर्थातच वर्गात सांगितलं नाही. वर्गात एकच प्रश्न ठेवला: कितवी भाकरी चालू आहे? पावणेतीनला तिसरी चालू आहे, तिचा चतकोर तेवढा कमी पडतोय. सव्वातीनला चौथी चालू झाली, तिचा चतकोरच मिळालाय. साडेतीनला चौथी निम्म्यावर आलीय. फळ्यावर चित्रं काढून चालू भाकरीखाली 'तिसरी', 'चौथी' असं लिहिलं. मग भाकरी पुसून तिथं तास लिहिले. पावणेतीनला तिसरा तास पुरा व्हायचाय, म्हणजे दोन वाजून गेलेत आणि पंचेचाळीस मिनिटं झालीत. २:४५.

एक पोरगं हळूच म्हणालं, "सर, तुळजापूर पुरं की अर्धं?" साडेतीन शक्तिपीठं त्याच्या डोक्यात आली होती. तुळजापूर आणि माहूर आपल्या मराठवाड्यातली, दोन्ही पुरी. कोल्हापूर तिसरं, तेही पुरं. चौथं वणीचं सप्तशृंगीचं, ते अर्धं. चौथं अर्धं, म्हणजे औटच की! हे त्याला सांगण्याचा मोह झाला, आवरला.

भाकरीचा उपाय शंभराच्या पुढं मात्र अडला. 'पावणेदोनशे' अंकात लिहा म्हटल्यावर एकानं विचार करकरून १९९ आणि पुढं पाऊण असं लिहिलं. दोनशेतून पाव काढला ना! त्याचं 'पाव कमी' पक्कं झालं होतं, पण पाव कशाचा, हे सुटलं होतं. मग भाकरीऐवजी शंभराच्या नोटा काढल्या. दुसरी नोट चालू आहे, तिचा पाव कमी आहे. नोटेचा पाव पंचवीस, म्हणून १७५. सव्वाशे म्हणजे एक नोट पुरी आणि दुसरीतले पंचवीस. या घरात 'शे' हीच भाकरी. पूर्वी हे रुपयावर सुटायचं, पावली हातात असायची. चार आण्यांचं नाणं २०११च्या जूनअखेर चलनातून गेलं, आणि आताच्या पोरांना पाव म्हटलं की भाजीबरोबरचा आठवतो.

हे होईतो दुपार झाली. बाहेरून खिचडीचा वास यायला लागला तसं लक्ष उडालं. मी घड्याळ बघून म्हटलं, "पाऊण वाजला, सोडतो आता." नुसता पाऊण, पुढं आकडाच नाही. दप्तरं बंद व्हायला लागली. ताट घेऊन दारापर्यंत गेलेली ती खिडकीजवळची मुलगी वळली.

"सर, पाऊणला कितवी चालू असती?"

मी तोंड उघडायच्या आत रांगेतून कुणीतरी ओरडलं, "पहिलीच की! आजून कुठं खाल्लंय!"