तांब्याच्या बुडाचा पिवळा डाग

पेढी उघडत होतो तोच एका वहिनींचे फोटो आले. सासूबाईंच्या पेटीतला तांब्या, बुडावर ठळक ‘९२५’. खाली मजकूर: ‘दादा, नणंदेबरोबर वाटणी करायची आहे. शिक्का आहेच, भाव तेवढा सांगा.’

फोटो मोठा करून पाहिला. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, पण इथे नुसता आकडाच होता. हॉलमार्क असेल तर आकड्याजवळ बीआयएसचा त्रिकोण हवा. नुसता आकडा काय, ठसा विकत घेऊन कुणीही मारू शकतो. बुडाच्या कडेला पिवळट डाग होता आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. चांदीवर हवेतल्या गंधकाचा थर चढायला लागतो तेव्हा तीही आधी पिवळीच पडते, मग तपकिरी, मग काळी. मुलामा झिजून खालचा धातू दिसायला लागला तरी डाग पिवळटच दिसतो, आणि तो नेमका बुडाच्या कडेलाच, कारण घासला जातो तो भाग तोच. त्यात फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलेला. ‘घेऊन या,’ एवढंच लिहिलं.

दुपारी त्या आल्या. फडक्याने पुसलं तरी डाग हलला नाही. धातू तपासायच्या एक्स-रे मशीनवर पोटाकडे ९१ टक्के चांदी दिसली आणि वहिनींचा चेहरा खुलला. पण त्याच यादीत निकेलही होतं. ९२५च्या चांदीत उरलेला भाग बहुधा तांबं हा धातू असतो, निकेलचं तिथे काय काम? मशीनचे किरण वरवरच जातात. मुलामा जाड असेल तर आकडा मुलाम्याचाच येतो. डागावर धरलं तर चांदी थेट ३४ वर आली.

वजन ४३५ ग्रॅम. पाण्यात बुडवल्यावर ५० मिलिलिटर पाणी सरलं, म्हणजे घनता ८.७. याच वजनाची ९२५ची चांदी ४२ मिलिलिटरच सारते. तांबं, निकेल आणि जस्त मिसळून केलेल्या जर्मन सिल्व्हरची घनता साधारण एवढीच भरते, आणि त्यात नावापुरतीही चांदी नसते.

तरी कानसेशिवाय मी लिहून देत नाही. वहिनींना विचारून बुडाखाली, दिसणार नाही अशी खाच पाडली, हातमोजे घालून नायट्रिक आम्लाचा थेंब सोडला. फेस आला आणि थेंब हिरवा झाला. शेजारी माझ्याकडच्या चांदीच्या तुकड्यावरही एक थेंब टाकला. तो करडा-पांढरट पडला, आणि त्यात मिठाचं पाणी घातल्यावर दुधासारखा फुटला. हा फरक वहिनींना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता.

‘मग आकडा कुणी मारला?’

ते तांब्यावरून कळत नाही. मी चांदीचा भाव लावला नाही; भांड्यांच्या दुकानात दाखवा म्हटलं. खाचेचा फोटो त्यांनी तिथूनच नणंदेला पाठवला.