खोक्यावरची आजी

कपाट आवरताना आजी-आजोबांचा लग्नातला फोटो हाती आला आणि दुपार तिथेच संपली. फोटोत दोघांची डोकी जवळजवळ एका रेषेत आहेत, आणि हे साफ खोटं आहे. आजोबा १८२ सेंटिमीटर, आजी १४९. तिला लाकडी खोक्यावर उभं केलं होतं, असं घरात सांगतात. फोटो कमरेपर्यंतचाच, त्यामुळे खोकं दिसत नाही.

मला जोडप्यांची मापं घ्यायची खोड आहे. समोरून दोघं चालत आली की तिचं डोकं त्याच्या कुठे लागतं हे आधी बघायचं. बहुतेकांचं कानाच्या आसपास. खांद्याच्या खाली गेलं की मी वळून बघते, आणि ती त्याच्यापेक्षा उंच असेल तर चक्क थांबते. माझी आजी आजोबांच्या खांद्यालाही पुरत नव्हती. वळून बघण्यातलं प्रकरण.

उंची बघून जोडीदार निवडला जातो का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा निघाला नाही. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ साली २०५ जोडप्यांची आणि त्यांच्या ९२८ मोठ्या झालेल्या मुलांची उंची तपासली. बायकांच्या उंचीला १.०८ने गुणून त्यांना पुरुषांच्या मापात आणलं, मग आईबापांची सरासरी काढून तिला ‘मध्यपालक’ म्हटलं. एवढा चिकित्सक माणूस, पण लग्न करताना माणसं उंचीकडे फारसं बघत नाहीत, असं त्याच्या आकड्यांवरून त्याला वाटलं. पुढे १९०३मध्ये कार्ल पिअर्सन आणि अ‍ॅलिस ली या संख्याशास्त्रज्ञांनी हजारावर कुटुंबं मोजली, तेव्हा नवरा-बायकोच्या उंचीतला सहसंबंध ०.२८ निघाला. शून्य म्हणजे चिठ्ठ्या टाकून जमवलेली लग्नं आणि एक म्हणजे तंतोतंत जुळणी. आता जगभरच्या अभ्यासांचा आकडा ०.२३च्या आसपास स्थिरावला आहे. म्हणजे ओढ आहे, पण बेताची. माझ्या आजोबांसारख्यांना भरपूर जागा ठेवणारी.

ही ओढ येते कुठून? थोडी आवडीतून: तो तिच्यापेक्षा उंच हवा, पण मान मोडेल इतका नको. पुरुष सरासरीने तेरा सेंटिमीटर उंच असल्यामुळे पहिली अट तशीही आपोआप पाळली जाते. ब्रिटनमधल्या जोडप्यांच्या एका मोठ्या पाहणीत शंभरातल्या सुमारे ९२ जोड्यांत नवरा उंच होता. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी ९० निघाल्या असत्या. दुसरं कारण कमी रोमँटिक. लग्नं आपल्यासारख्यांतच होतात, आणि आपल्यासारख्यांचं बालपणीचं खाणंपिणं, आजारपणं, पूर्वज हेही आपल्यासारखेच असतात. उंची न बघताही उंची थोडी जुळून येते.

आता मुलांचं. खाण तशी माती, हे म्हणायला ठीक, पण इथे खाणी दोन असतात. बालरोगतज्ज्ञ हिशेब असा करतात: आईबापांची उंची मिळवायची, मुलगा असेल तर तेरा वाढवायचे, मुलगी असेल तर तेरा वजा करायचे, आणि निम्मे करायचे. आजी-आजोबांच्या मुलाला १८२ आणि १४९ आणि १३, भागिले दोन: १७२. माझे वडील १७१ होते. एक काका १७७, दुसरे १६८.

पुरुषांची सरासरी १७२ आणि बायकांची १५९ धरली, तर आजोबा दहाने उंच आणि आजी दहाने बुटकी. दोघांनी एकमेकांची वजाबाकी केली आणि मुलं मधोमध येऊन पडली. आता आजोबांनी १६९च्या एखाद्या बाईशी लग्न केलं असतं आणि आजीला १६२चा नवरा मिळाला असता तर? सूत्र एका घरी १८२ सांगतं, दुसऱ्या घरी १६२. प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे मधल्या बाजूला सरकतात, कारण आईबापांच्या उंचीतला काही भाग खाण्यापिण्याचा आणि नशिबाचा असतो, तो रक्तातून पुढे जात नाही. साधारण १८० आणि १६४ धरू. दोन्ही घरांची सरासरी मिळून पुन्हा १७२च. जोड्या कशाही लावा, पुढची पिढी सरासरीने उंचही होत नाही आणि बुटकीही. फक्त एका मांडणीत सगळे मध्यावर गोळा होतात, दुसरीत दोन टोकांकडे पांगतात.

पांगतात म्हणजे किती, याचा मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. उंचीतल्या फरकांपैकी ऐंशी टक्के वारशाचे आणि जोडप्यांतला सहसंबंध ०.२३ धरला, तर चिठ्ठीच्या लग्नांत सहा सेंटिमीटर असलेलं प्रमाण विचलन, म्हणजे माणसं सरासरीपासून किती पांगलेली आहेत याचं माप, काही पिढ्यांनी साडेसहावर जाऊन थांबतं. पुढे जात नाही, कारण प्रत्येक बाळंतपणात पत्ते पुन्हा पिसले जातात. अर्धा सेंटिमीटर! एवढ्यासाठी शतकभर माणसं मोजली का, असं वाटून मी पेन ठेवणार होते. मग टोकाचे लोक मोजले. सरासरीहून अठरा सेंटिमीटर उंच, म्हणजे १९०च्या वरचे पुरुष, चिठ्ठीच्या जगात दहा हजारांत तेरा-चौदा. आपल्या जगात जवळपास अठ्ठावीस. दुप्पट. बुटक्या टोकालाही तेच. मधल्यांना पत्ताच लागत नाही.

याची खूण गुणसूत्रांवरही सापडते, हे मला सगळ्यात आवडलं. उंची ठरवणारे बारीक फरक हजारोंनी आहेत आणि सगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेले. विषम क्रमांकाच्या गुणसूत्रांवर उंच करणारे फरक किती, यावरून सम क्रमांकांवरचे किती हे एरवी मुळीच सांगता येऊ नये. २०१८च्या एका अभ्यासात ते थोडंसं सांगता आलं. कारण ते फरक एकत्र आणले पणजोबा-पणजींनी, कुठल्यातरी कार्यात एकमेकांच्या डोळ्यांशी डोळे सहज भिडले म्हणून.

भावंडांची गोष्ट वेगळीच. आमच्याकडे म्हणत, आजी-आजोबा एवढे विजोड म्हणून मुलं लहानमोठी झाली. तसं नाही. पत्ते पिसण्याचा खेळ जवळजवळ प्रत्येक घरात सारखाच चालतो, जुळलेल्या जोडप्याच्या घरातही. दोन सख्ख्या भावांत सरासरी पाच सेंटिमीटरचा फरक अगदी मामुली. माझ्या आईवडिलांच्या सूत्राने मी १६२ची व्हायला हवी होते, झाले १६९. शाळेत कायम शेवटच्या रांगेत, आणि लग्नाच्या फोटोत चपटी चप्पल. नवरा १७२. तीन सेंटिमीटर. त्याला निवडताना उंची बघितली का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन. पण त्याच्याआधी जे एक स्थळ होतं ते १६५चं होतं, आणि त्याचं ‘बोलणं पटलं नाही’ हे मी तेव्हा फार ठामपणे सांगितलं होतं.

लेक शाळेतून आली, फोटो बघून म्हणाली, मी किती होणार? १६४, मी म्हटलं, आठ-नऊ इकडे तिकडे. तिला हे उत्तर म्हणजे चेष्टा वाटली. मग तिने फोटो डोळ्यांजवळ नेला.

“पणजोबांचा खांदा खाली गेलाय का गं?”

मीही पाहिलं. गेलाय खरा. आजी एकदा म्हणाली होती की खोकंबिकं काही नव्हतं, तेच वाकले होते. आम्ही हसलो होतो. तेहेतीस सेंटिमीटर कुणी वाकतं का. आता विचारायला दोघंही नाहीत, आणि फोटो कमरेपाशी संपतो.