वाड्याच्या क्लिपला जुन्या प्रिंटचा रंग: तिसरी नोंद

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याची चाळीस सेकंदांची क्लिप. ओसरीवर आजोबा पांढऱ्या धोतरात पेपर वाचतायत, मागे खुंटीला काळी छत्री. फोनवर घेतलेली, अगदी स्वच्छ. ती सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंटसारखी दिसावी, एवढाच हट्ट आहे.

मागच्या खेपेला दोन गोष्टी फसल्या होत्या. अख्ख्या चित्रावर गुलाबी छटा दिल्यामुळे धोतरही गुलाबी झालं. आणि फ्लिकरसाठी दर फ्रेमला ब्राइटनेस कमीजास्त केल्यामुळे ती काळी छत्री धडधडायला लागली. छत्रीकडे नजर गेली की सगळा बनाव उघडा पडायचा.

यावेळी फिल्मवर काय घडतं तेच क्रमाने केलं. उजेडातला चढउतार कॅमेऱ्यात होतो, ग्रेन फिल्मवर येतो आणि रंग उडतात ते त्यानंतर, प्रिंट डब्यात पडून असताना. त्या काळच्या बऱ्याच प्रिंटमध्ये सगळ्यात आधी निळसर सायन रंग उडायचा. हा रंग लाल प्रकाश अडवतो. तो गेला की लाल आरपार येतो, आणि जिथे रंग दाट तिथे, म्हणजे सावल्यांत, लाली जास्त दिसते. पांढऱ्या जागी मुळात रंगच जेमतेम असतो, तिथे उडणार काय? म्हणून धोतर पांढरंच राहायला हवं आणि छत्री काळपट तांबडी व्हायला हवी.

```
ffmpeg -i wada.mp4 -vf "scale=-2:720,eq=gamma='1+0.06*(random(0)-0.5)':eval=frame,noise=c0s=10:c0f=t,scale=-2:1080,curves=r='0/0.14 1/1':g='0/0.04 1/1':b='0/0.05 1/1'" -crf 16 -pix_fmt yuv420p juna.mp4
```

ब्राइटनेसऐवजी गॅमा हलवला की काळं आणि पांढरं जवळपास जागेवर राहतं, फक्त मधले टोन श्वास घेतात. 0.06 चा 0.15 करून पाहिला तर ट्यूबलाइट खराब झाल्यासारखं वाटलं, लगेच मागे आलो. ग्रेन ७२० वर टाकून मग १०८० ला मोठा केला, त्यामुळे कण जरा जाड आणि मऊ होतात. थेट मोठ्या चित्रावर टाकला की तो वाळूसारखा टोचतो. `c0f=t` मधलं `t` मात्र विसरू नका. ते नसेल तर ग्रेन हलत नाही आणि मळक्या काचेतून बघतोय असं वाटतं. एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिलं की लगेच कळतं.

आता छत्री शांत आहे आणि धोतर पांढरं. काल आत्याला दाखवलं, तर ती म्हणाली, "अरे, हे कधीचं रे?"

एक अडचण उरली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की ग्रेन पुसला जातो आणि भिंतीवर चौकोन उमटतात. पाठवायच्या प्रतीसाठी ग्रेनचा जोर, म्हणजे `c0s`, 6 वर आणून बघतोय. ओसरीची भिंत साफ आली की पुढची क्लिप घेईन, माजघरातली.